एका मिनिटात काळी माती

आमच्याकडे, परभणीच्या बाजूला, स्वतःची ओळख स्वतः सांगायची वेळ माणसावर फारशी येत नाही. एसटीत शेजारी बसलेली आजीच ती काढून घेते. "कुठली गं बाई तू?" इथून सुरुवात होते. गाव सांगितलं की तालुका, तालुक्यावरून आडनाव, आडनावावरून भावकी, भावकीवरून त्या गावात दिलेली कुणाची तरी लेक. स्टँड येईपर्यंत तिच्या मावसबहिणीचं सासर आणि माझ्या आत्याचं गाव यांचे बांध एकमेकांना लागलेले निघतात, आणि मग गप्पा खऱ्या अर्थानं सुरू होतात. या रीतीत आपल्याबद्दल काय सांगायचं ते आपल्याला निवडावं लागत नाही. विचारणारी निवडते. तिला जो धागा हवा असतो तो ती ओढते.

हॉलंडमधल्या वाखेनिंगेनला मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. सप्टेंबरात वर्ग सुरू होण्याआधी अभ्यासक्रमाची ओळख करून देणारा एक दिवस असतो. खुर्च्या गोलात मांडलेल्या, तीसेक मुलंमुली, आणि समन्वयक बाईंनी सांगितलेली चार कलमं: नाव, देश, आधी काय शिकलात, आणि तुमच्या भागातली एखादी गोष्ट जी इथं बाकीच्यांना ठाऊक नसेल. प्रत्येकाला एक मिनिट. मधे कुणी प्रश्न विचारायचा नाही, म्हणजे एसटीतल्या आजीचं सगळं काम आपल्यालाच करायचं. समोर बसलेल्या इथिओपियाच्या, इंडोनेशियाच्या, मेक्सिकोच्या, हॉलंडमधल्या माणसांना माझ्यातला कुठला धागा हवा असेल, हे त्यांनी न विचारता मला ओळखायचं होतं.

माझी पाळी येईपर्यंत मी इतरांची मिनिटं मन लावून ऐकली. हॉलंडच्या मुलांनी देश सांगितलाच नाही, त्यांनी गाव आणि प्रांत सांगितला. छोट्या देशांतून आलेल्यांचं निम्मं मिनिट आपला देश नकाशावर दाखवण्यात गेलं. मोठ्या देशांतल्यांनी मोठ्या शहराचं नाव घेतलं आणि त्यापासून आपलं गाव किती लांब ते सांगितलं. जेवणाचा पदार्थ, सण, खेळ या गोष्टी पुष्कळांनी सांगितल्या. ऐकणारे हसले, माना हलल्या, आणि पाळी पुढं सरकली. पदार्थाचं नाव ऐकून छान वाटतं, पण त्यावर पुढं विचारण्यासारखं काही उरत नाही. मी भारतातून आले हे वाक्य खरंच आहे, पण 140 कोटी माणसांना लागू पडणाऱ्या वाक्यातून माझ्यापर्यंत कुणी कसं पोचणार? परभणी मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी येते, हे मुंबई न पाहिलेल्याला सांगून त्याच्या हाती काय लागतं?

नावाचं मात्र सांगावं लागलं. छापील यादीत माझ्या नावाला लागून बाबांचं नाव होतं, पासपोर्टवर दोन्ही एकाच रकान्यात असतात म्हणून. आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, एवढं एक वाक्य मी बोलले आणि फळ्यावर माझं एकटीचं नाव लिहिलं. पलीकडच्या इथिओपियाच्या मुलानं नंतर सांगितलं की त्यांच्यात आडनाव नसतंच. स्वतःच्या नावापुढं वडिलांचं आणि गरज पडली तर आजोबांचं नाव येतं. जावा बेटावरची एक मुलगी आयुष्यभर एकाच नावानं वावरलेली. इथल्या प्रत्येक अर्जात दोन रकाने असल्यामुळं दुसऱ्यात काय भरायचं हा प्रश्न तिला रोज पडतो. त्या दिवशी आम्हा तिघांचीही नावं विचारून घेऊन, हवी तशी लिहून घेतली गेली. हे मला फार मोलाचं वाटलं.

बाकीचं मिनिट मी मातीला दिलं. खरं तर काळ्या मातीचं एक ढेकूळ सोबत आणायची माझी फार इच्छा होती. पण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून माती आणायला बंदी आहे. मातीतून सूत्रकृमी, बुरशी, किडींची अंडी येतात, आणि एकदा शेतात शिरलेली ही मंडळी बाहेर काढता येत नाहीत. नियम योग्यच आहे. मृदाशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलीनं तो सगळ्यात आधी पाळायला हवा. निघायच्या आदल्या दिवशी मी बुटांचे तळवेसुद्धा घासून धुतले. त्यामुळं दाखवायला हात तेवढे होते.

मी इंग्रजीत, तुटक छोट्या वाक्यांत बोलले, कारण त्या खोलीत इंग्रजी कुणाच्याच घरची नव्हती. मराठीत ते असं होतं: "गोदावरी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मधे माझं गाव आहे. आमची जमीन काळी आहे. मे महिन्यात तिला भेगा पडतात. माझा हात कोपरापर्यंत त्यात जातो. जूनमध्ये पाऊस येतो आणि भेगा मिटतात. मग त्या जमिनीवर चालता येत नाही, प्रत्येक पावलाला चप्पल जड होत जाते. दरवर्षी हे असंच होतं. माझे वडील याच जमिनीत, पाऊस संपल्यावर ज्वारी पेरतात, आणि ती जमिनीतल्या साठलेल्या पाण्यावर येते. हे पाणी जमीन कशी धरते आणि कशी सोडते, ते शिकायला मी आले आहे." दोन्ही हातांची बोटं जवळ आणून मी ती लांब केली, पुन्हा मिटली. मिनिट संपलं.

सांगायचं राहिलं ते पुष्कळ होतं, आणि ते इथं सांगते, कारण त्या मिनिटाचा सगळा भार त्याच्यावर होता. दख्खनचा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. तो कुजून, झिजून, सखल भागात साठत जी माती झाली, तिच्यात चिकणमातीचे कण निम्म्याहून जास्त भरतात. त्यातही स्मेक्टाइट नावाचं खनिज प्रमुख. त्याच्या कणाची रचना पातळ पापुद्र्यांची असते आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. पापुद्रे दूर सरतात, माती फुगते. पाणी गेलं की ते जवळ येतात, माती आकसते. शेतभर एकाच वेळी आकसायला लागल्यावर जमिनीला फाटण्यावाचून मार्ग नसतो. वरची भुसभुशीत माती वाऱ्यानं, गुरांच्या खुरांनी त्या भेगांत पडते. पावसात खालचा थर फुगतो तेव्हा आत पडलेल्या मातीमुळं त्याला जागा अपुरी पडते, आणि मातीचे मोठे तुकडे एकमेकांवर घासत वर सरकतात. खड्डा खणला तर ते घासलेले, चकाकणारे पृष्ठभाग डोळ्यांना दिसतात. आमच्या गावात घरांच्या भिंती तडकतात, विजेचे खांब कलतात, नवा रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो, त्या सगळ्याचं मूळ इथं आहे.

आणि ज्वारीचंही. एक मीटर खोलीच्या अशा जमिनीत पिकाला घेता येईल असं दोनशे मिलीमीटरच्या आसपास पाणी मावतं. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी पुढं पावसाचा थेंब न पडताही फेब्रुवारीत काढणीला येते ती या साठ्यावर. पण हा साठा सरळ हाती येत नाही. जमीन पाणी इतकं घट्ट धरते की माती हाताला ओली लागत असतानाही पीक माना टाकतं. डिसेंबरात भेगा पडू लागल्या की खोलवरची ओल त्या वाटेनं उडून जाते आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून बाबा पेरणीनंतर आठव्या आठवड्याच्या सुमाराला शेवटची कोळपणी दातेरी कोळप्यानं करतात. तण काढायला नव्हे, भेगा बुजवायला. मशागत करायची ती वाफसा असताना. ओली असेल तर माती अवजाराला चिकटते, वाळली तर ढेकळं दगडासारखी होतात. या दोन्हींच्या मधे मोजके दिवस मिळतात, आणि ते आले हे बाबा मूठभर माती दाबून, सोडून, ती कशी फुटते ते पाहून सांगतात. मला त्या मुठीत काय घडतं ते आकड्यांत हवं आहे. यासाठीच मी आले.

माझ्यानंतर चौथा इथिओपियाचा मुलगा. त्यानं स्वतःचं ठरवून आणलेलं बाजूला ठेवलं असावं, कारण त्यानं सरळ माझ्याकडं वळून सुरुवात केली. त्याच्या आजीचं शेत अदिस अबाबाच्या पश्चिमेच्या पठारावर आहे. तिथंही खडक बसाल्टचा, तिथंही जमीन काळी, फाटणारी. पण ते पठार दोन हजार मीटरहून उंच, हवा थंड, आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस जोराचा. त्यामुळं त्यांचं दुखणं आमच्या उलट आहे. भर पावसात जमीन पाण्यानं तुडुंब होते, मुळांना हवा मिळत नाही, गहू पिवळा पडतो. म्हणून त्याची आजी पावसाचा मोठा भाग जमीन तशीच पडू देते आणि पाऊस ओसरताना टेफ पेरते, त्याहून उशिरा हरभरा. आमच्यासारखाच साठ्यावर. फरक एवढाच की आम्ही पाणी कमी म्हणून थांबतो आणि ते जास्त म्हणून.

मिनिट संपल्यावरही बाईंनी त्याला थांबवलं नाही, आणि त्यानं एक गोष्ट सांगितली जिनं मी खुर्चीत पुढं सरकले. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथं 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबे आणि त्यांच्या मधे सऱ्या अशी पद्धत बसवली गेली. जास्तीचं पाणी सरीतून वाहून जातं आणि पीक वरंब्यावर कोरड्या पायानं उभं राहतं. 1980 च्या दशकात ही कल्पना इथिओपियात पोचली. तिथल्या शेतकऱ्याकडं ट्रॅक्टर नव्हता, बैलांनी ओढायचा मारेशा हा लाकडी नांगर होता, म्हणून दोन मारेशा जोडून वरंबे पाडायचं अवजार तिथं तयार झालं. आमच्याकडं आज जिला बीबीएफ म्हणतात आणि ट्रॅक्टरच्या यंत्रानं जिच्यात सोयाबीन पेरतात, ती वरंब्यांची पद्धत हीच. त्याच्या आजीच्या गावातली अडचणही त्यानं सांगितली: सरीतलं पाणी शेवटी जाणार कुठं? खालच्या बांधाला वाट नसेल तर ते शेजाऱ्याच्या शेतात उतरतं आणि भांडण होतं. सगळ्या शिवारानं मिळून चर काढला तरच पद्धत टिकते. हे ऐकताना मला आमच्या गावातली नावं आठवत होती, कोणत्या बांधावरून कोण कोणाशी बोलत नाही ती.

मग हॉलंडच्याच फ्लेवोलांड प्रांतातली मुलगी उठली. तिनं सांगितलं की तिचं गाव तिच्या आजोबांपेक्षा वयानं लहान आहे. पूर्व फ्लेवोलांडमधलं पाणी उपसून तळ उघडा पडला तो 1957 मध्ये. त्याआधी तिथं सरोवर, आणि त्याच्याही आधी समुद्राचं पाणी. उघडा पडलेला तळ म्हणजे जमीन नव्हतीच, ताकावर आलेल्या लोण्यासारखा गाळ होता. त्यावर माणूस उभा राहू शकत नव्हता, म्हणून विमानातून लव्हाळ्याचं बी पेरलं गेलं. लव्हाळ्यानं पाणी शोषलं, पानांतून हवेत सोडलं, गाळ आकसत गेला आणि त्याला खोल भेगा पडल्या. त्या भेगांतून हवा आत गेली, पाणी खाली निघालं, आणि हळूहळू ती शेतीची माती झाली. त्या भेगा पुन्हा मिटल्या नाहीत. ती म्हणाली, "आमची जमीन एकदाच फाटली, म्हणून मी आहे." असं म्हणून तिनं मघाची माझी बोटांची खूण केली, फक्त मिटवली नाही.

मला वाटतं त्या सकाळी खोलीत खरी ओळख सुरू झाली ती इथं. साडेसहा कोटी वर्षांच्या खडकाची लेक मी, आणि तिची जमीन सत्तर वर्षांचीही नाही. तरी दोघींना एकच प्रश्न पडला: एकीच्या भेगा मिटतात आणि दुसरीच्या का नाहीत? उत्तराचा थोडा भाग आम्हाला तिथंच सापडला. तिच्या गाळाचे कण समुद्राच्या पाण्यात संथपणे खाली बसलेले, मधे पाणीच पाणी असलेले. ते एकदा निघून गेल्यावर कण जवळ आले, आणि पूर्वीइतके दूर जाण्याचं कारण उरलं नाही. माझ्या मातीत खनिजच असं की पाणी दरवर्षी पापुद्र्यांत परत शिरतं. नेमकं किती, कशावर अवलंबून, हे पुढच्या सत्रांत शिकायचं आहे. पण प्रश्न आमच्या दोघींचा झाला होता, आणि दुपारच्या जेवणाला आम्ही दोघी आणि इथिओपियाचा तो मुलगा एका टेबलावर होतो.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नव्हती, तिच्याबद्दल लिहायलाच हवं. मराठवाडा म्हटलं की आमच्या राज्यातसुद्धा पहिला शब्द दुष्काळ येतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तेव्हा मी शाळेत होते. टाक्यांच्या त्या गाडीची चित्रं सगळ्या देशानं पाहिली. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका घरातला कर्ता माणूस त्या काळात गेला, कसा ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. हे सगळं खरं आहे, आणि माझ्या शिक्षणामागचं कारणही त्यातच आहे. पण पहिल्या मिनिटात ऐकलेली गोष्ट लोक आपल्या नावाला चिकटवतात. पुढं दोन वर्षं ज्यांच्यासोबत प्रयोगशाळेत बसायचं, त्यांनी माझ्याकडं पाहताना आधी कीव करावी हे मला मान्य नव्हतं. साठलेल्या ओलीवर चार महिने ज्वारी उभी करणारी माणसं हीसुद्धा तितकीच खरी आहेत, आणि त्यांचं कसब मला आधी सांगायचं होतं. दुष्काळाबद्दल मी त्या इथिओपियाच्या मुलाशी नंतर बोलले, कालव्याच्या कडेनं चालताना. त्याच्याकडंही त्याच्या घरातल्या 1984 च्या आठवणी होत्या, थोरल्यांनी सांगितलेल्या. त्या बोलण्याला एक मिनिट पुरलं नसतं आणि तीसजणांचा गोलही त्याला योग्य नव्हता.

त्या गोलात एक मुलगा असाही होता ज्यानं फक्त नाव सांगितलं, आधी रसायनशास्त्र शिकल्याचं सांगितलं, आणि तो खाली बसला. देश नाही, गाव नाही. बाईंनी पुढच्या मुलीकडं पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. आमच्या एसटीतल्या आजीनं मात्र त्याला सोडलं नसतं, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा इथली रीत आमच्या रीतीपेक्षा बरी वाटली. कुठला, हा प्रश्न मला माहेरासारखा वाटतो, पण ज्याचं गाव उरलेलं नाही किंवा ज्याला ते सांगणं धोक्याचं आहे, त्याला तोच प्रश्न कसा वाटत असेल? महिन्याभरानं त्यानं आपणहून आम्हाला त्याच्या शहराचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

पहिल्या आठवड्यात आम्हाला विद्यापीठाच्या आवारातलं जागतिक मृदा संग्रहालय दाखवलं गेलं. जगभरच्या मातीचे उभे छेद तिथं भिंतींवर लावलेले आहेत. शेतात खड्डा खणून, त्याच्या भिंतीतून मातीचा स्तंभ अखंड कोरून काढतात, लाखेसारख्या द्रावणानं तो घट्ट करतात आणि फळीवर चिकटवतात. काळ्या फाटणाऱ्या मातीचा छेद करणं अवघड असतं, कारण खड्ड्यातून निघाल्यावरही ती आकसत राहते. मी त्या छेदासमोर उभी राहून तिरपे चकाकणारे पृष्ठभाग शोधले आणि दोन मैत्रिणींना हात लावल्याविना कसे ओळखायचे ते दाखवलं: प्रकाश बाजूनं पडला की त्यांच्यावरच्या समांतर रेघा दिसतात. मेक्सिकोची मुलगी म्हणाली की तिच्या आजोळच्या मक्याच्या शेतात तिनं हे पाहिलं आहे, पण ते काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या टेबलावर ती चौथी आली.

रविवारी घरी फोन केला. बाबांना मी सगळं सांगितलं: टेफ, मारेशा, दोन नांगर जोडून केलेले वरंबे, विमानातून पेरलेलं लव्हाळं. विमानाचं ऐकून ते थोडं थांबले, पण त्यांना त्याचं विशेष वाटलं नसावं. त्यांनी विचारलं की इथिओपियात वाफसा किती दिवस टिकतो, बैलांच्या एका जोडीनं दिवसात किती वरंबे होतात, आणि त्यांच्या हरभऱ्यावर घाटेअळी येते का. सोमवारी मी हे तिन्ही प्रश्न वहीत लिहून नेले. अळीचं उत्तर त्यानं लगेच दिलं: येते, हीच येते, आणि घाट्यात डोकं खुपसून बाकीचं अंग बाहेर ठेवते. बैलांचं त्याला आजीला विचारावं लागेल म्हणाला, आणि आजीला तिकडून विचारायचं आहे की आमची ज्वारी पाखरांपासून कोण राखतं.